कोंबडा बदला, कोंबडी ठेवा
(पेठ-सुरगाणा भागातल्या पाड्यांवरच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोंबडीला सातबारा लागत नाही. तालुक्याला तारखेला जायचं तर एसटीचं भाडं कुठून येतं, हे बायांना विचारा. कोंबडी विकूनच येतं. म्हणून आज कोंबडीवर बोलतो आहोत.

आता पाड्यापाड्यात योजनेची पिल्लं येतात. गिरिराजा बंगळूरला तयार झाली, वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या केंद्रात. तिन्ही रंगीत आहेत, ते बरं. पांढरा पक्षी घारीला लांबून दिसतो. वनराजा अंगानं भारी, ग्रामप्रिया हलकी पण अंडी जास्त. आपली गावठी वर्षाला चाळीस ते साठ अंडी देते, या जाती परसात शंभराच्या वर देतात. हे ऐकलं की माणूस म्हणतो, गावठी विकून टाकू. आमचं म्हणणं आहे, विकू नका.

कारण या जातींची कोंबडी खुडूक बसत नाही. ती अंडी देईल, पण रवणीला बसणार नाही. गावठी गेल्या की पिल्लांसाठी दरवर्षी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागेल. शिवाय भारी पक्ष्याला उडून झाडावर जाता येत नाही, मुंगसाला तो आयताच सापडतो.

मग काय करायचं? समजा घरात सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबड्या तशाच ठेवायच्या. वनराजाचा किंवा ग्रामप्रियाचा सहा महिन्यांचा एक कोंबडा आणायचा. सहा-आठ कोंबड्यांना एक पुरतो. फार जड झालेला घेऊ नका, लहान कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात. आणल्यावर पंधरा दिवस डालग्याखाली वेगळा ठेवा, म्हणजे रोग असेल तर तिथंच कळेल. जुना कोंबडा विकून किंवा कापून टाका. पण त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे राहतं, तेव्हा तेवढ्या दिवसांतली अंडी खा, रवणीला घालू नका. पुढच्या अंड्यांतली दहा-बारा खुडूक कोंबडीखाली घाला. एकविसाव्या दिवशी पिल्लं. ही पिल्लं गावठीपेक्षा लवकर वजन धरतात, तलंगा अंडी जास्त देतात, आणि आईचा गुण असल्यानं त्यांतल्या बऱ्याच रवणीलाही बसतात. वर्षानं मात्र हा कोंबडा शेजारच्या पाड्याशी बदलून घ्या. नाहीतर तो आपल्याच पोरींवर चढेल आणि पुढची पिल्लं किडकिडीत निघतील.

रात्रीचं खुराडं. आपल्याकडं पाऊस मरणाचा. जमिनीवरचं खुराडं ओलं होतं आणि ओलीत पिल्लं मरतात. चार मेढी रोवून दोन-तीन फूट उंच करा. तळाला बांबूच्या कामट्या, त्यांत बोटभर फट, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि परड्याला खत मिळतं. फट त्याहून मोठी नको, मुंगूस खालून पाय ओढतं. पक्ष्याला एक चौरस फूट धरा. दहा पक्ष्यांना पाच फूट लांब, दोन फूट रुंद झालं. पावसाच्या झडीची बाजू कुडानं बंद, दार सकाळच्या उन्हाकडं. भारी पक्ष्याला चढायला एक तिरकी फळी लावा. महिन्याला चुलीची राख आत टाका, पिसवा कमी होतात. सकाळी कोंबड्या सुस्त, तुरा फिका, आत शिरायला नको म्हणतात, तर फटीत पिसवा आहेत असं समजा.

खाणं. दिवसा त्या किडे, उदई, गवताचं बी शोधतात. संध्याकाळी मात्र मूठ-मूठ, म्हणजे तीसेक ग्रॅम दाणा द्याच. भाताची कणी, कोंडा, नागली-वरईचं खाली पडलेलं, मका भरडून. दाणा खुराड्याजवळ टाकला की पक्षी आपोआप घरी येतात. पावसाळ्यात किडे भरपूर, तेव्हा मूठ हलकी केली तरी चालते. चैत्र-वैशाखात रानात काही उरत नाही, तेव्हा मूठ वाढवा. अंडी मऊ कवचाची येऊ लागली तर चुना कमी पडतोय. शिंपल्या, गोगलगायीचे शंख कुटून द्या. उलट, भारी जातीला पोटभर दाणा दिला तर ती चरबी धरते आणि अंडी बंद करते. बुरशी लागलेला मका मात्र फेकाच.

राहिली मानमोडी. हिरवी हगवण, मान वाकडी, आणि चार दिवसांत पाडा रिकामा. जाती कितीही काटक असोत, ती कुणाला सोडत नाही. दोन महिन्यांवरच्या पक्ष्याला टोचायची लस, लहान पिल्लांना डोळ्यात थेंब. उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीतच घ्या. एक बाटली शंभर पक्ष्यांची असते, फोडली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून एकट्या घराला परवडत नाही. पाड्यानं मिळून दिवस ठरवा, पंचायत समितीच्या जनावरांच्या डॉक्टरांना आधी सांगा, लस बर्फात आणा. आणि त्या दिवशी सगळ्यांनी सकाळी खुराड्याचं दार उघडायचं नाही. एकदा पक्षी बाहेर पडले की पकडता पकडता बाटली वाया जाते.