कोड आला नाही? मेल कुठे अडला ते आधी शोधू

आज आपण एका छोट्याशा अडचणीबद्दल बोलणार आहोत. एखाद्या वेबसाइटवर आपण गटाची नोंदणी करतो. नाव, पत्ता, ई-मेल सगळं भरून होतं. मग पडद्यावर लिहून येतं, ‘तुमच्या ई-मेलवर कोड पाठवला आहे, तो इथे टाका.’ आपण मेल उघडून बसतो आणि कोड काही येत नाही.

मोबाईलवर मेसेजने येणारा ओटीपी आपल्या ओळखीचा आहे. तसाच हा मेलवरचा कोड. तुम्ही लिहिलेला ई-मेल पत्ता खरोखर तुमच्याच ताब्यात आहे ना, एवढं त्यावरून साइट बघते. तो आकडा टाकल्याशिवाय खातं सुरू होत नाही आणि अर्ज पुढे सरकत नाही.

आमच्या ओळखीच्या एका गटाचं असंच झालं. अकरा बायकांचा गट, पापड, शेवया आणि गोडा मसाला करणारा. दिवाळीच्या विक्रीसाठी एका साइटवर त्यांना नोंदणी करायची होती आणि शुक्रवारी संध्याकाळी मुदत संपत होती. मंगळवारी रात्री सचिव ताईंनी फोनवर फॉर्म भरला. कोड आला नाही म्हणून ‘पुन्हा पाठवा’ हे बटण सहा वेळा दाबलं. शेवटी साइटनेच सांगितलं, ‘बरेच प्रयत्न झाले, थोड्या वेळाने या.’ बुधवारी सकाळी त्या आणि अध्यक्ष ताई आमच्याकडे आल्या. आम्ही बटणाला हात न लावता मेल कुठे अडला ते शोधायला बसलो. कोणत्या क्रमाने शोधलं, तेच आज सांगतो.

पहिलं पाहिलं ते पत्ता. ‘कोड पाठवला आहे’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे बहुतेक साइट आपण टाकलेला पत्ता दाखवतात. तो एक एक अक्षर करून मोठ्याने वाचायचा, आणि दुसरीने तो कागदावरच्या पत्त्याशी ताडून बघायचा. चूक बहुतेक वेळा शेवटी असते. `gmail.com` च्या जागी `gmial.com` किंवा `gmail.con` पडलेलं असतं. असा पत्ता असला तर मेल आपल्याकडे येणारच नाही, कितीही वाट पाहिली तरी. मात्र जीमेलच्या पत्त्यात पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं पडलं, किंवा नावामध्ये एखादा टिंब जास्त झाला, तर काही बिघडत नाही. जीमेल या दोन्ही गोष्टी मोजत नाही. नावातलं अक्षर किंवा आकडा चुकला तर मात्र तो दुसऱ्याच कुणाचा पत्ता होतो, आणि आपला कोड त्या माणसाकडे जातो.

सचिव ताईंचा पत्ता बरोबर होता. मग आम्ही बघितलं, फोनवर मेल कुणाचा उघडला आहे. पुष्कळ घरांत फोन मुलाने सुरू करून दिलेला असतो. त्यामुळे त्याचंही खातं त्यात असतं आणि गटाचंही. जीमेल उघडलं की वर उजव्या कोपऱ्यात एक गोल चित्र किंवा अक्षर दिसतं. त्यावर बोट ठेवलं की फोनमधली सगळी खाती दिसतात. ताई रात्रभर मुलाचाच मेल बघत होत्या. गटाचं खातं निवडलं, पडदा वरून खाली ओढून ताजा केला, तरी कोड दिसला नाही.

दुसरी जागा म्हणजे स्पॅमचा कप्पा. अनोळखी ठिकाणाहून आलेला मेल नको असलेला वाटला, तर जीमेल तो या कप्प्यात टाकतं. कोडचे मेल एकाच वेळी हजारो जणांना जातात, त्यामुळे त्यांच्यावर हा संशय सहज येतो. डावीकडच्या तीन आडव्या रेघा दाबल्या की खाली ‘स्पॅम’ सापडतो. तिथे मेल मिळाला, आणि तो आपण नोंदणी केलेल्या साइटचाच असला, तर ‘स्पॅम नाही’ हे निवडा. पुढचे मेल मग सरळ यायची शक्यता वाढते. स्पॅममधले मेल तीस दिवसांनी आपोआप पुसले जातात. काही फोनवर ‘प्रमोशन्स’ आणि ‘अपडेट्स’ असेही कप्पे असतात. एक एक कप्पा उघडत बसायचं नसेल, तर वरच्या शोधाच्या पट्टीत `in:anywhere` लिहून पुढे साइटचं नाव लिहा. साधा शोध स्पॅममध्ये आणि कचऱ्याच्या डब्यात बघत नाही, हा बघतो.

आमच्या शोधात तिथेही काही सापडलं नाही. म्हणजे मेल खात्यापर्यंत पोचलाच नव्हता. आता प्रश्न उरला, साइटकडून निघाला नाही, की आपल्या दारातून परत गेला? हे ओळखायची सोपी रीत आहे. दुसऱ्या मैत्रिणीच्या फोनवरून त्याच पत्त्यावर एक साधा मेल पाठवायचा. अध्यक्ष ताईंनी ‘नमस्कार’ एवढंच लिहून पाठवलं. तो पोचला नाही. थोड्याच वेळात अध्यक्ष ताईंच्या फोनवर इंग्रजीत उत्तर आलं, ज्याचा अर्थ होता, ‘समोरची पेटी भरलेली आहे.’

या उत्तरावरून नेमकं कारण कळतं. ‘असा पत्ता सापडत नाही’ असं आलं, तर पत्ता चुकलेला आहे. ‘पेटी भरली’ असं आलं, तर पत्ता बरोबर आहे, पण मेल ठेवायला जागा नाही. साइटने पाठवलेल्या मेलनाही हेच उत्तर जात होतं, पण ते साइटच्या यंत्राकडे. त्यामुळे ताईंना ते दिसायचं काही कारणच नव्हतं.

पेटी कशाने भरली? त्या खात्यात मेल तर थोडेच होते. पण गूगलचं फुकट खातं एकूण १५ जीबी जागा देतं, आणि तीच जागा मेलला, फोटोंना आणि ड्राइव्हला मिळून असते. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत मोजला जातो. पूर्वी तो मोजला जात नसे, २०२४ सालापासून तो सगळ्यांसाठी मोजला जाऊ लागला. ताईंच्या व्हॉट्सॲपवर गटाचे, भिशीचे, माहेरचे, शाळेचे असे पुष्कळ ग्रुप होते. त्यांतले सगळे व्हिडिओ रोज बॅकअपमध्ये जात होते. जागा संपली की गूगल नवा मेल आत घेत नाही. किती जागा भरली ते त्याच गोल चित्रावर बोट ठेवलं की दिसतं. ताईंच्या खात्यात पूर्ण भरलेली दाखवत होती.

आम्ही व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडलं. तिथलं ‘व्हिडिओ सामील करा’ हे बंद केलं आणि वायफायवर नवा बॅकअप घेतला. नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो, त्यामुळे जागा मोकळी होते. एवढं लक्षात ठेवा, की ते व्हिडिओ मग फक्त फोनमध्येच राहतात. फोन हरवला तर तेही गेले. म्हणून लग्नाबारशाचे ठेवायचे व्हिडिओ आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मेल किंवा ड्राइव्हमधल्या वस्तू काढून टाकल्या, तर कचऱ्याचा डबाही रिकामा करावा लागतो. डब्यात पडलेली वस्तूसुद्धा जागा खात असते.

थोड्या वेळाने जागा मोकळी दिसू लागली. अध्यक्ष ताईंनी पुन्हा ‘नमस्कार’ पाठवला, तो लगेच आला. पण रात्रीचे सहा कोड काही आले नाहीत. ते परत गेले होते, आणि परत गेलेला मेल आपोआप पुन्हा येत नाही. नवाच मागवावा लागतो.

आता ‘पुन्हा पाठवा’ या बटणाबद्दल. कोडला मुदत असते, बहुतेक ठिकाणी काही मिनिटांचीच. नवा कोड मागितला की पुष्कळ साइटवर जुना रद्द होतो. मेल कधीकधी वाटेत थांबतात. अनोळखी ठिकाणाहून मेल आला, तर काही ठिकाणची यंत्रं त्याला ‘थोड्या वेळाने ये’ असं सांगतात, आणि मग पाठवणारं यंत्र काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतं. या मधल्या वेळात आपण चारदा बटण दाबलं, तर चार कोड मागेपुढे येतात आणि आपण रद्द झालेला टाकतो. म्हणून एकदाच दाबा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि आलेल्यांत सगळ्यात शेवटचा कोड टाका. तोपर्यंत फॉर्मचं पान बंद करू नका. सचिव ताईंनी बुधवारी दुपारी एकदाच बटण दाबलं. कोड आला, टाकला, आणि मुदतीच्या दोन दिवस आधी नोंदणी झाली.

मैत्रिणीने पाठवलेला मेल पोचतो आणि साइटचा तेवढा येत नाही, असं झालं तर? मग आपल्याकडून करण्यासारखं फारसं उरत नाही, अडचण साइटच्या बाजूला असते. फक्त एक शक्यता तपासा. त्याच ई-मेलवर आधी कुणी नोंदणी करून ठेवली असेल, तर काही साइट नव्या नोंदणीचा कोड पाठवत नाहीत. अशा वेळी ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून पाहा. तरी जमलं नाही, तर साइटच्या मदत केंद्राला कळवा. त्यात आपला ई-मेल पत्ता, कोड मागितल्याची तारीख आणि वेळ, आणि ‘दुसऱ्यांचे मेल येतात, तुमचा येत नाही’ हे वाक्य लिहा. कोडचे मेल एखाद्या पत्त्यावरून परत आले, की काही साइटची यंत्रं त्या पत्त्यावर पाठवणंच थांबवतात. ते त्यांनाच सोडवावं लागतं. मुदत जवळ आली असेल, तर दुसरा, आपलाच, ई-मेल पत्ता टाकून पाहा.

‘आपलाच’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. केंद्रावर फॉर्म भरून घेताना पुष्कळदा भरणारा भाऊ वेळ वाचवायला स्वतःचाच ई-मेल टाकतो. त्या दिवशी काम होतं, पण कोड त्याच्याकडे जातो. पुढे पासवर्ड बदलायचा, बँक खात्याचा नंबर दुरुस्त करायचा, तरी कोड त्याच्याकडेच जाणार. गटाचं खातं नावाला गटाचं राहतं. म्हणून फॉर्म पाठवण्याआधी ई-मेलची ओळ स्वतः वाचा. आणि ‘तुमचा कोड आला नाही ना, मी लावून देतो, आलेला आकडा सांगा’ असा फोन आला, तर आकडा सांगू नका. कोड फक्त त्या साइटच्या पानावर टाकायचा असतो.

पुढच्या बैठकीत पाच मिनिटांचं काम करा. गटाच्या ई-मेलवर दुसऱ्या फोनवरून एक मेल पाठवा आणि तो पोचतो का पाहा. मग त्या गोल चित्रावर बोट ठेवून किती जागा उरली आहे ते वहीत लिहून ठेवा.