विकणार होते



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आपल्या तुकडीतली शाळामास्तरीण, तर दहा मिनिटं वर्गाविषयी बोल." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला मराठी शिकवते. म्हणून आज एकाच पाठाविषयी बोलणार आहे. पाठ काळाचा. तुम्ही सगळ्यांनी तो केलेला आहे आणि बहुतेकांनी त्यात पैकीच्या पैकी गुण घेतलेले आहेत.

ते गुण आपण कसे घेतले, आठवतं का? मागच्या बाकावर एक गुरुकिल्ली फिरत असे. शेवटी 'ला-ली-ले' दिसलं की भूतकाळ, 'आहे' दिसलं की वर्तमान, 'णार' किंवा 'ईल' दिसलं की भविष्य. वाक्य वाचायची गरजच नव्हती, शेपूट पाहिलं की झालं. गुरुजनांनो, क्षमा असावी, पण ही किल्ली आम्हाला कुणी शिकवली नव्हती. आम्हीच शोधली होती. मी शिक्षिका झाले तेव्हा सुरुवातीची काही वर्षं तीच किल्ली मुलांच्या हातात देत होते.

ती चालत नाही हे एका साध्या गोष्टीवरून लक्षात आलं. वर्गाबाहेर रेंगाळलेल्या एका मुलीला मी हाक मारली. ती लांबूनच ओरडली, "आले, बाई!" आणि आणखी दोन मिनिटांनी आली. मी वर्गाला विचारलं, "हिचं 'आले' कोणत्या काळातलं?" सगळे एका सुरात म्हणाले, "भूतकाळ!" मग एक मुलगा पुटपुटला, "पण ती तर आलीच नव्हती." शब्दाचं रूप एक आणि घटनेची वेळ दुसरी. आपली मराठी असं रोज करते. "मी उद्या मनमाडला जातो" हे वाक्यही तसंच. शेपूट वर्तमानाचं, जाणं उद्याचं. तेव्हा मुलांना आधी वेळ दिसली पाहिजे आणि रूप त्यानंतर आलं पाहिजे, एवढं मला कळलं.

त्यासाठी मी जे करते त्याला खर्च फार नाही. फळ्याच्या एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधायची. कपड्यांचे चिमटे, पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या आणि 'आता' असं लिहिलेला एक लाल पुठ्ठा घ्यायचा. मुलं आजच्या दिवसातल्या घटना सांगतात आणि त्या घडण्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे टांगतात. चिठ्ठीवर फक्त नाव लिहायचं, क्रियापद लिहायचं नाही. 'आंघोळ', 'परिपाठ', 'खिचडी', 'कबड्डी', 'घरची वाट'. पहिल्या वर्षी मी 'खिचडी खाल्ली' असं लिहू दिलं आणि सगळा पाठ तिथेच फसला. काळ चिठ्ठीला चिकटून बसला, मग मुलांना करण्यासारखं काही उरलं नाही.

नुसतं नाव लिहिलं की क्रियापद लाल पुठ्ठा ठरवतो. पुठ्ठा परिपाठाच्या पुढे लावला की 'खिचडी' उजवीकडे राहते आणि मुलं म्हणतात, "आम्ही खिचडी खाऊ." पुठ्ठा खिचडीवरच सरकवला की "आम्ही खिचडी खात आहोत." आणखी पुढे नेला की "आम्ही खिचडी खाल्ली." चिठ्ठी जागची हललेली नाही, आपण हललो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं पुठ्ठा सरकवायला भांडतात.

मग वाक्यं त्यांची त्यांनी लिहायची, स्वतःच्या घरची. इथे एक अडचण हमखास येते. "आजी भाकरी भाजते" याचा भूतकाळ तोंडी विचारला तर प्रत्येक मूल बरोबर सांगतं, "आजीने भाकरी भाजली." पण 'काळ बदला' म्हणून वहीत लिहायला दिलं की काही जण लिहितात, "आजी भाकरी भाजली." वाचून दाखव म्हटलं की स्वतःच हसतात, कारण आता आजीच भाजली! होतं असं की मुलं शेपूट बदलतात आणि बाकीचं वाक्य जसंच्या तसं ठेवतात. पण आपल्या मराठीत भूतकाळात गेलं की अशा वाक्याचं सगळं घरच बदलतं. आजीला 'ने' लागतो आणि क्रियापद आजीचं ऐकायचं सोडून वस्तूचं ऐकू लागतं. आजीने भाकरी भाजली, आजीने चहा केला, आजीने पाणी तापवलं. आजी तीच, पण क्रियापदाचं लिंग तीन प्रकारचं झालं.

हा नियम मी सांगत नाही. एकाच कर्त्याची अशी तीन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिते आणि विचारते, "क्रियापद कुणाचं ऐकतंय?" मुलं शोधतात. आणि अपवादही तीच आणून देतात. एकदा एक मुलगा म्हणाला, "मग मी रोज 'वही विसरलो' म्हणतो, त्यात 'ने' कुठेय? आणि वही तर ती आहे." खरंच आहे. विसरणं, शिकणं, बोलणं, पिणं ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याचंच ऐकतात. रोज वही विसरणाऱ्यानेच हे शोधावं, यात मला फार आनंद वाटला.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं सांगितलं, त्या दिवसाकडे येते.

डिसेंबर 2023. गुरुवारी, 7 तारखेला, मी मुलांना सांगितलं, "उद्या घरी काय काय होईल त्याची पाच वाक्यं लिहा. शनिवारी लाल पुठ्ठा शुक्रवारच्या पलीकडे नेऊ आणि तीच वाक्यं भूतकाळात लिहू." पाठ म्हणून योजना चांगली होती. एका मुलाने पहिलंच वाक्य लिहिलं, "बाबा लासलगावला कांदा विकतील."

शुक्रवारी, 8 तारखेला, कांद्याच्या निर्यातीवर बंदी लागू झाली आणि लिलाव बंद पडले. तो दिवस तुमच्यापैकी इथे राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. तो लाल कांदा होता. उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन् महिने टिकणारा नाही, काढला की विकावा लागतो.

शनिवारची सकाळची शाळा. सुतळीवर शुक्रवार टांगला, पुठ्ठा उजव्या टोकाला लावला. मुलं भराभर लिहू लागली. "आईने खुरपणी केली." "ताईने अभ्यास केला." तो मुलगा मात्र पेन धरून बसून राहिला. मी जवळ गेले. तो हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या पद्धतीने 'बाबांनी कांदा विकला' असं होतं. पण ते खोटं आहे."

मी म्हटलं, "मग 'विकला नाही' लिही."

त्याने ते लिहिलं, वाचलं आणि खोडलं. म्हणाला, "हे खरं आहे, पण असं वाटतं की बाबा गेलेच नाहीत. ट्रॅक्टर पहाटेच भरला होता." थोडा वेळ थांबून त्याने नवीन वाक्य लिहिलं. "बाबा कांदा विकणार होते."

मी ते फळ्यावर लिहिलं आणि काळ विचारला. वर्गात दोन तट पडले. 'णार' आहे म्हणून भविष्य, 'होते' आहे म्हणून भूत. आपली मागच्या बाकावरची किल्ली एका वाक्यात दोन कुलपांना लागत होती आणि एकही उघडत नव्हती. खरं सांगते, पुस्तकातल्या तक्त्यात याला कोणता रकाना द्यावा, हे मलाही त्या क्षणी सुचलं नाही.

मी त्यालाच सुतळीपाशी बोलावलं. म्हटलं, "हे वाक्य कुठे उभं राहून बोलतोस, ते दाखव." त्याने लाल पुठ्ठ्याला हात लावला नाही, तो शनिवारीच राहू दिला. स्वतः मात्र डावीकडे चालत गेला, 'ट्रॅक्टर' या चिठ्ठीच्या पुढे, शुक्रवारच्या पहाटेत उभा राहिला आणि उजवीकडे बोट दाखवलं. तिथे 'लिलाव' अशी चिठ्ठी होती. ती त्याने काढली, उलटी केली आणि कोरी बाजू पुढे ठेवून पुन्हा त्याच जागी लावली.

वर्गाला आणखी समजावण्याची गरज उरली नाही. 'होते' हे आपण मागे जाऊन उभे राहिलो त्याचं, आणि 'णार' हे तिथून पुढे पाहिलं त्याचं. "भरला होता" हेही त्याच सुतळीवर उलगडलं. लिलावाच्या जागी उभं राहून आणखी मागे पाहिलं की भरणं आधीच पुरं झालेलं दिसतं.

मग प्रत्येकाकडे असं एक वाक्य निघालं. "मावशी येणार होती." "मी नवीन दप्तर घेणार होतो." एकीने लिहिलं, "आईने पुरणपोळी करणार होती," आणि वाचताना स्वतःच थांबली. नुकताच शिकलेला 'ने' तिने इथेही लावला होता. पण 'णार' आला की क्रियापद पुन्हा कर्त्याचंच ऐकतं. बाबा विकणार होते, आई करणार होती, मी घेणार होतो.

या सुतळीवर सगळं मावत नाही. "शाळा अकराला भरते" याला एक जागा नाही. तिथे आम्ही सुतळीभर ठिपक्यांच्या चिठ्ठ्या लावतो. आणि परीक्षेत 'काळ ओळखा' येणारच, म्हणून नावंही पाठ करून घेते. पण मुलाला काळ समजला का, हे मी आता एकाच गोष्टीवरून ओळखते. त्याच्या हातात कोरी चिठ्ठी द्यायची, लाल पुठ्ठा त्याला न सांगता सरकवायचा आणि त्याच्या घरचं खरं वाक्य मागायचं. नियम आठवायला त्याने छताकडे पाहिलं तर अजून समजलेलं नाही. सुतळीकडे पाहिलं तर समजलं.

त्या ट्रॉलीतला कांदा नंतर गेला. काय भावाने गेला ते त्याने वहीत लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती उलटी चिठ्ठी मात्र मी माझ्या हजेरीपटात ठेवली आहे.

मित्रांनो, आज सकाळपासून आपण सगळे याच रूपात बोलतो आहोत. कुणी डॉक्टर होणार होता, कुणी गाव सोडणार नव्हती. चहा झाल्यावर जरा कान देऊन ऐका. माझ्या सहावीला विचारलंत तर ती मुलं तुम्हाला सांगतील, की असं बोलताना आपण कुठे जाऊन उभे असतो.