चिन्ह आलं, पण नाव वाचलं का?

मसाला, पापड, लोणची विकणारे आपले गट आता मोबाईलवर छोटा व्हिडिओ पाठवतात. त्याच्या सुरुवातीला गटाचं बोधचिन्ह, म्हणजे लोगो, हलत येतो आणि खाली नाव उमटतं. हे ३ सेकंदांचं काम आपण पैसे मोजून करून घेतो. करणारा विचारतो, "आवडलं का ताई?" आपण म्हणतो, "छान आहे, पण काहीतरी खटकतंय." एवढ्यावर तो दुरुस्त तरी काय करणार? म्हणून काय खटकतं, ते कसं शोधायचं हे आज बघू.

समजा, एका मसाल्याच्या गटाचं चिन्ह आहे पितळी खलबत्ता, आणि खाली तीन शब्दांचं नाव. खलबत्ता पडद्याबाहेरून, डावीकडून सरकत मध्यावर येतो. त्याला लागतो दीड सेकंद. मग एकेक अक्षर करत नाव उमटतं, त्यात १ सेकंद जातो. उरला अर्धा सेकंद. पूर्ण नाव दिसलं न दिसलं, तोच पुढचं चित्र आलं.

पहिली तपासणी वेळेची. गटाबाहेरच्या, नाव माहीत नसलेल्या बाईला हा व्हिडिओ आवाज बंद करून एकदाच दाखवा आणि विचारा, "नाव काय होतं?" आपण स्वतः ही परीक्षा घेऊ शकत नाही, कारण नाव आपल्याला पाठ असतं. आपण ते वाचत नाही, नुसतं ओळखतो. शेवटचं अक्षर उमटल्यापासून नाव मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून व्हावं, इतका वेळ ते स्थिर राहिलं पाहिजे. तीन शब्दांना साधारण २ सेकंद धरा. आपल्या नमुन्यात मिळतो फक्त अर्धा.

दुसरी तपासणी वेगाची. एसटीचा चांगला ड्रायव्हर थांब्याच्या आधीपासून गाडी हळू करत आणतो. तसं केलं नाही तर आपण पुढच्या सीटवर आपटतो. चित्राचंही तसंच आहे. सारख्या वेगानं येऊन एकदम थांबलं की डोळ्याला धक्का बसतो. वेगाच्या या चढउताराला अ‍ॅनिमेशनवाले ईझिंग म्हणतात.

ते मोजता येतं. व्हिडिओ मोबाईलच्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये उघडा आणि बोटानं थोडा थोडा पुढे सरकवा. खलबत्त्याच्या प्रवासाचे सारख्या वेळाचे पाच भाग करा, म्हणजे दीड सेकंदात दर ०.३ सेकंदाला एक स्क्रीनशॉट घ्या. मग प्रत्येक वेळी तो किती पुढे गेला ते पट्टीनं मोजा. एकूण अंतर ५० मिलिमीटर असेल आणि प्रत्येक भागात १० मिलिमीटरच भरत असतील, तर वेग सपाट आहे. तोच हळू होत थांबत असेल, तर माप साधारण १८, १४, १०, ६ आणि शेवटी २ असं उतरत जातं. खलबत्ता पडद्याबाहेरून येतो, त्यामुळे त्याची सुरुवात जलद असली तरी चालते. पडद्यावर आधीच उभी असलेली वस्तू हलवायची असेल, तर मात्र सुरुवातही हळू हवी.

काही जण वस्तू थोडी पुढे नेऊन मागे आणतात, चेंडूसारखी उसळवतात. फुग्याला ते शोभेल, पण पितळी खलबत्ता उसळला तर पोकळ, प्लॅस्टिकचा वाटतो. म्हणून वस्तू जड की हलकी, हे करणाऱ्याला सांगावं.

आता दुरुस्ती. खलबत्ता ०.६ सेकंदात आणा, शेवटी हळू करत थांबवा. तो पूर्ण थांबायची वाट न बघता ०.४ सेकंदाला नाव सुरू करा, आणि अक्षरं एकेक न आणता पूर्ण नाव एकत्र उमटू द्या. १ सेकंदाला सगळं जागेवर. उरलेले २ सेकंद काहीही हलू नये. व्हिडिओ तेवढाच ३ सेकंदांचा राहिला, पण नाव चौपट वेळ दिसलं.

एक सावधगिरी. चित्र मध्येच अडखळत असेल, तर लगेच करणाऱ्याला दोष देऊ नका. फाईल पूर्ण डाउनलोड करून दुसऱ्या मोबाईलवर बघा. तिथं नीट चालली, तर अडचण नेटची किंवा आपल्या मोबाईलची. तिथंही त्याच जागी अडखळली, तर चूक व्हिडिओत आहे. आणि अक्षरंच बारीक असतील, तर वेळ वाढवून उपयोग नाही. ती मोठी करायला सांगा.

तेव्हा पुढच्या वेळी "काहीतरी खटकतंय" असं म्हणू नका. "खलबत्ता एकदम थांबतो, आणि नाव अर्धाच सेकंद दिसतं," असं सांगा. शेवटचे पैसे द्यायच्या आधी सांगा म्हणजे झालं.