गुणपत्रक जपानी भाषेत नेताना

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



जपानी भाषेच्या अनुवादाचे काम मी करते, एवढीच माझी ओळख पुरे. या कामातला एक लहानसा भाग आज आपल्यापुढे ठेवणार आहे. जपानमधील विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडील मुलामुलींची गुणपत्रके मी जपानीत आणते. आपल्यापैकी अनेकांची मुले अशा वाटेवर असतील. म्हणून हा विषय निवडला.

वरवर पाहता यात अवघड काय? आकडे तर तेच राहतात. विषयांची नावे बदलली की काम संपले, असे मलाही आरंभी वाटत असे. परंतु गुणपत्रकातला आकडा एकटा कधीच बोलत नाही. त्याच्यामागे एक मोजपट्टी असते, आणि ती मोजपट्टी कागदाबरोबर प्रवास करीत नाही.

जपानमधील मोजपट्टी आधी पाहू. तेथील अनेक विद्यापीठांत पाच श्रेणी असतात. नव्वद आणि त्यावरील गुणांना ‘श्यू’, ऐंशी ते एकोणनव्वदला ‘यू’, सत्तर ते एकोणऐंशीला ‘र्यो’, साठ ते एकोणसत्तरला ‘का’ आणि साठाच्या खाली ‘फुका’. ‘का’ म्हणजे चालण्याजोगे, आणि ‘फुका’ म्हणजे न चालणारे, अर्थात अनुत्तीर्ण. मराठी कानाला हा शेवटचा शब्द किती बोलका वाटतो, हे आपल्याला सांगायला नको! लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की तेथे उत्तीर्णतेची रेषा सामान्यतः साठावर असते.

आता आपल्याकडील एका पदवीधराचे गुणपत्रक कल्पनेने समोर ठेवू. सहा प्रश्नपत्रिका, प्रत्येकी शंभर गुणांच्या. मिळालेले गुण ७२, ६८, ६४, ६१, ५८ आणि ५४. बेरीज सहाशेपैकी ३७७, म्हणजे ६२.८३ टक्के. त्याच्या विद्यापीठात उत्तीर्ण होण्यास चाळीस गुण लागतात आणि साठ टक्क्यांवर प्रथम वर्ग मिळतो. घरात पेढे वाटले गेले असतील, आणि ते योग्यच होते.

हेच आकडे कोणतीही टीप न लिहिता जपानी मोजपट्टीवर ठेवले तर काय होते? बहात्तर म्हणजे ‘र्यो’. पुढचे तीन विषय ‘का’. शेवटचे दोन विषय चक्क ‘फुका’. जपानमध्ये ‘जास्सो’ या विद्यार्थी-सहाय्य संस्थेच्या काही शिष्यवृत्त्यांसाठी श्रेणींना अंक देऊन सरासरी काढतात. ऐंशीच्या वर तीन, सत्तरीला दोन, साठीला एक आणि त्याखाली शून्य. पात्रतेला २.३० लागतात. आपल्या विद्यार्थ्याची बेरीज दोन, एक, एक, एक, शून्य, शून्य अशी पाच होते. सहाने भागले की ०.८३ उरतात. प्रथम वर्गात आलेला मुलगा दोन विषयांत नापास ठरतो. अनुवादात एकही शब्द चुकलेला नसतो, तरीही कागद खोटे बोलतो.

यावर उपाय म्हणून दुसरा मोह होतो, आणि त्या मोहाला मी स्वतः बळी पडले आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थिनीच्या गुणपत्रकात मी गुणांच्या शेजारी एक नवा रकाना आखला. प्रथम वर्गाचे गुण म्हणजे ‘यू’, द्वितीय वर्गाचे म्हणजे ‘र्यो’, असे सद्भावनेने लिहून टाकले. आठवड्याभरात प्रवेश कार्यालयाचे पत्र आले. अत्यंत विनम्र भाषेत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: ही श्रेणी विद्यापीठाने दिली आहे, की अनुवादकाने?

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मूळ कागदावर नसलेली गोष्ट मी अनुवादात घातली होती आणि खाली ‘हा अनुवाद मूळाशी तंतोतंत जुळतो’ असे लिहून सही केली होती. सुधारित प्रत पाठवेपर्यंत दहा दिवस गेले. अर्जाची मुदत तीन दिवसांवर आली होती. मुलीला प्रवेश मिळाला; पण ते दहा दिवस तिने कसे काढले असतील, हे मी कधी विसरले नाही.

तेव्हापासून एक नियम पाळते. गुण बदलायचे नाहीत, श्रेणी बदलायची नाही. मोजपट्टी मात्र सोबत पाठवायची. तुल्यबळ श्रेणी ठरवण्याचा अधिकार प्रवेश कार्यालयाचा आहे. अनुवादकाने त्यांना ठरवता येईल एवढी माहिती द्यायची. यासाठी जपानीत ‘याकुच्यू’, म्हणजे अनुवादकाची टीप, लिहिण्याची रूढ पद्धत आहे. ती मूळ मजकुरापासून वेगळी दिसली पाहिजे, म्हणून मी ती तक्त्याच्या खाली, रेघ मारून लिहिते.

मघाच्या विद्यार्थ्यासाठीची टीप मराठीत सांगायची तर अशी असते: ‘प्रत्येक विषयाचे पूर्ण गुण १००. उत्तीर्ण होण्यास किमान ४०. एकूण ६० टक्के व त्याहून अधिक गुणांस प्रथम वर्ग. वरील सर्व विषयांत विद्यार्थी उत्तीर्ण आहे. ही माहिती मूळ गुणपत्रकाच्या मागील बाजूस छापलेली आहे.’ बस, एवढेच. पाच वाक्यांत तो ‘फुका’ नाहीसा होतो. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. कारण ते वाचणाऱ्याला पडताळा कोठे घ्यावा हे सांगते. ‘भारतात गुण कडक देतात’ असे वाक्य मी लिहीत नाही. ते खरे असले तरी माझे मत आहे, कागदावरचे तथ्य नाही.

अक्षरांच्या श्रेणी आल्या की वेगळे खड्डे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी पद्धतीत सर्वोच्च श्रेणी ‘ओ’ असते. तिला दहा अंक. त्यानंतर ‘ए-प्लस’ला नऊ, ‘ए’ला आठ, अशी उतरण आहे. हा ‘ओ’ जपानी टंकात उमटला की शून्यासारखा दिसतो. जपानीत शून्य लिहिण्याची एक खूणही तशीच वर्तुळाकार आहे. सर्वोत्तम विद्यार्थिनीच्या प्रत्येक विषयापुढे शून्य आहे, असा समज होण्यास एवढे पुरते. म्हणून ‘ओ’ या अक्षरापुढे त्याचा उच्चार जपानी लिपीत देते आणि ‘दहापैकी दहा, सर्वोच्च’ असे लिहिते. गैरहजेरीची ‘एबी’ ही खूणही अशीच फसवी. ती ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या मधली श्रेणी नव्हे, हे टिपेत सांगावे लागते.

याच पद्धतीत ‘ए-प्लस’चे वर्णन ‘उत्कृष्ट’ असे छापलेले असते. शब्दकोश उघडला तर त्यासाठी ‘यू’ हेच चिन्ह सहज सुचते. पण जपानी वाचकासाठी ‘यू’ हे विशेषण नाही. ते ठरावीक गुणांच्या श्रेणीचे नाव आहे. म्हणून मी तेथे साधे वर्णनपर शब्द वापरते आणि ‘यू’, ‘र्यो’, ‘का’ ही तिन्ही नावे संपूर्ण अनुवादात कटाक्षाने टाळते.

सर्वांत अवघड प्रसंग तोच असतो जेथे खूण एक आणि अर्थ दोन. केंद्रीय मंडळाच्या शाळेतून २०१५ मध्ये दहावी आणि २०१७ मध्ये बारावी झालेला विद्यार्थी घ्या. दोन्ही कागदांवर गणितापुढे ‘ए-वन’ आहे. दहावीच्या त्या काळातील ‘ए-वन’ म्हणजे ९१ ते १०० गुण. तेथे मर्यादा आधीच ठरलेली होती. बारावीचा ‘ए-वन’ मात्र स्थानदर्शक. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांची गुणानुक्रमे रांग लावून पहिल्या एक-अष्टमांशाला तो मिळतो. तेथे किती गुणांना ‘ए-वन’ मिळेल, हे विषयागणिक बदलते.

जपानीत या दोन पद्धतींना स्वतंत्र नावे आहेत: ‘झेत्ताइ ह्योका’ म्हणजे निरपेक्ष मूल्यमापन आणि ‘सोताइ ह्योका’ म्हणजे सापेक्ष मूल्यमापन. तेथील शाळांमध्येही २००२ पासून सापेक्षाकडून निरपेक्षाकडे बदल झाला. त्यामुळे प्रवेश कार्यालयातल्या माणसाला हे शब्द दिसताच भेद कळतो. म्हणून प्रत्येक कागदाला त्याची स्वतःची टीप देते. एकाच टिपेत दोन्ही उरकली, तर दोहोंपैकी एक चुकते.

काम संपल्यावर मी मूळ कागद झाकून ठेवते आणि केवळ जपानी प्रत वाचते. सर्वोच्च श्रेणी कोणती, उत्तीर्णतेची रेषा कोठे, आणि हा विद्यार्थी त्या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदातून मिळाली नाहीत, तर टीप अपुरी आहे असे समजते.

पालकांना आणि मुलांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. गुणपत्रकाची छायाप्रत काढताना मागील बाजू विसरू नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी प्रतींत तीच नसते, आणि मोजपट्टी नेमकी तेथेच असते. ती छापलेली नसेल, तर विद्यापीठाकडून श्रेणीपद्धतीचे शिक्क्यानिशी पत्र घ्या; मी स्वतःच्या माहितीवर ती लिहू शकत नाही.

दुसरे असे की श्रेणी-सरासरीला साडेनऊने गुणून टक्के काढू नका. तो गुणक केंद्रीय मंडळाने त्या वेळच्या दहावीसाठी दिला होता. त्यामुळे तेथे पूर्ण दहा अंकांचेही ९५ टक्के होत. विद्यापीठांची सूत्रे वेगवेगळी असतात. आपल्या विद्यापीठाचे सूत्र लेखी हाती नसेल, तर टक्क्यांचा रकाना मोकळा ठेवणे अधिक सुरक्षित. मोकळ्या रकान्याबद्दल कार्यालय विचारणा करते. चुकीच्या आकड्याबद्दल मात्र बहुधा कोणी विचारत नाही, अर्ज नुसता बाजूला पडतो.

याच शाळेत गणिताच्या बाई उत्तरापुढे एकक लिहिले नसेल तर अर्धा गुण कापत. बारा म्हणजे बारा काय, मीटर की आंबे, असे विचारीत. त्या अर्ध्या गुणावर मी तेव्हा पुष्कळ रुसले होते. आज प्रत्येक टीप लिहिताना मी त्यांचे ते एककच लिहीत असते.