खोलीचं दार इंग्रजीत कसं म्हणायचं?

मुलं इंग्रजीचा अभ्यास घेऊन बसली की एक प्रश्न हमखास येतो: ‘खोलीचं दार’ इंग्रजीत कसं लिहायचं?

आपल्या मराठीत चा, ची, चं लावलं की काम झालं. राधाची वही, वहीचं पान, पानाचा शेवट. माणूस असो की वस्तू, जोड एकच. इंग्रजीत मात्र आधी विचारायचं, मालक कोण? मालक माणूस असेल तर त्याच्या नावापुढे वरचा स्वल्पविराम आणि एस: ‘राधाज नोटबुक’. मालक वस्तू असेल तर बहुतेक वेळा ‘ऑफ’: ‘अ पेज ऑफ द नोटबुक’. वर, मध्य, शेवट, टोक असा वस्तूचा एखादा भाग सांगायचा असेल, तर ‘ऑफ’च शोभतं: ‘द एंड ऑफ द पेज’.

मुलं चुकतात ती ‘ऑफ’च्या क्रमात. मराठीत खोली आधी, दार नंतर. ‘ऑफ’मध्ये दार आधी येतं: ‘द डोअर ऑफ द रूम’. मराठीच्याच क्रमानं ‘द रूम ऑफ द डोअर’ लिहिलं, तर अर्थ होतो ‘दाराची खोली’! म्हणून लिहून झालं की मुलाला ते मराठीत उलटं वाचायला सांगा. चूक लगेच कानाला कळते.

मग ‘द रूम्स डोअर’ चूक आहे का? नाही. छापील मजकुरातही असं दिसतं. पण बोलताना बऱ्याचदा दोन्ही टाळून शब्द नुसते शेजारी ठेवतात: ‘किचन डोअर’, ‘स्कूल बॅग’. आपणही ‘तेलगाव रोड’ म्हणतोच की.

पण सगळीकडे अशी अदलाबदल चालत नाही. आपण ‘चहाचा कप’ म्हणतो, त्याचे अर्थ दोन. पाहुण्याला दिला तो चहानं भरलेला, म्हणजे ‘अ कप ऑफ टी’. घासताना फुटला तो रिकामा, म्हणजे ‘टीकप’. ‘टीज कप’ मात्र कुणी म्हणत नाही. दुधाच्या बाटलीचंही तसंच. आत दूध असेल तर ‘अ बॉटल ऑफ मिल्क’, नुसती बाटली असेल तर ‘मिल्क बॉटल’.

वेळेचे शब्द मात्र माणसासारखे चालतात. कालचा पेपर ‘यस्टरडेज पेपर’, एका दिवसाची मजुरी ‘अ डेज वेजेस’.

आता ‘राधाच्या घराचं दार’ घ्या. राधा माणूस, म्हणून ‘राधाज हाऊस’. घर वस्तू, म्हणून दार पुढे आणि मध्ये ‘ऑफ’: ‘द डोअर ऑफ राधाज हाऊस’. एकाच वाक्यात दोन्ही आले.

आज मुलाकडून ‘भावाच्या सायकलचं चाक’ असंच करून घ्या. उत्तर ‘द व्हील ऑफ माय ब्रदर्स सायकल’ असं यायला हवं.