गल्लीचं पाणी आणि गेजपट्टी

आम्ही आठ जणांनी कॉलेजच्या प्रकल्पासाठी चिपळूणचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा केला. पूर्ण आराखडा सांगत बसत नाही. त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लेला एकच प्रश्न सांगते: एखाद्या गल्लीने घर नेमकं कधी सोडायचं?

चिपळूणचं पाणी एका ठिकाणाहून येत नाही. वर सह्याद्रीत पाऊस, कोयना प्रकल्पाची वीज तयार झाल्यावर कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणारं पाणी, गावातून वाहणारी शिवनदी, आणि खालून खाडीची भरती. भरती असेल तर वरचं पाणी ओसरायला जागाच मिळत नाही. 2021 ची बकरी ईद 21 जुलैला होती, चांदाची 10. पूर आला तो दुसऱ्या दिवशी, 22 ला. पौर्णिमा 24 ला, म्हणजे उधाण चढत होतं. चांदाची तारीख आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या आणि पंधराव्या चांदाच्या आसपास उधाण, आठव्या आणि बाविसाव्याच्या आसपास भांग. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आराखड्यात हे पहिल्या पानावर घातलं, कारण मोहल्ल्यातल्या आजींनाही ते वाचून दाखवता येतं.

आता गल्ली. वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर आणि धोका पातळी 7 मीटर. हे आकडे नदीवरच्या गेजपट्टीचे आहेत. माझ्या उंबरठ्याला पाणी कधी लागेल ते त्यात नाही. म्हणून आम्ही गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घेतली. भिंतींवर 2021 च्या चिखलाची रेघ अजून दिसते. नळीची दोन टोकं धरून एका उंबरठ्यापासून दुसऱ्यापर्यंत उंचीचा फरक मोजत गेलो, आणि शेवटी तो गेजपट्टीच्या आकड्याशी जोडला. पूर उताराने वाहतो, त्यामुळे ही जोड अंदाजाचीच असते. म्हणून रेघेशी ताडून पाहायची, आणि शंका आली की खालचा आकडा धरायचा.

एक गल्ली उदाहरणासाठी घेते. तिचा उंबरठा गेजच्या हिशोबात 6.2 मीटरवर आहे असं धरा. तिथे स्वतः चालू न शकणारी 14 माणसं: अंथरुणावरचे म्हातारे, बाळंतिणी, एक डायलिसिसचा रुग्ण. एका माणसाला उचलून वरच्या शाळेत पोचवून परत यायला अर्धा तास. उचलणाऱ्या टोळ्या तीन. म्हणजे पाच फेऱ्या, अडीच तास. पाणी तासाला 40 सेंटिमीटर चढत असेल तर 5 मीटरला निघून 6.2 पर्यंत तीन तास मिळतात, जेमतेम जमतं. पण तासाला 80 ने चढलं तर दीड तासच. मग अडीच तास गुणिले 80, म्हणजे 2 मीटर खालूनच, 4.2 मीटरला पहिली फेरी निघाली पाहिजे. सरकारी इशाऱ्याच्याही आधी! प्रकल्पात यावर आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. एक जण म्हणाला, दर पावसाळ्यात चार वेळा उठवलं तर पाचव्यांदा कोणी उठणार नाही. त्याचं म्हणणं खरंच होतं. तोडगा असा निघाला की 4.2 ला फक्त ही 14 माणसं हलवायची, बाकीच्यांनी कागदपत्रं वर ठेवून तयार राहायचं, आणि 5 मीटरला सगळी गल्ली निघायची. उधाणाचा दिवस असून रात्रीच्या पावसाचा इशारा असेल, तर आकड्याची वाट न पाहता त्या 14 जणांना सूर्यास्ताआधीच हलवायचं.

यादी मुलींनी केली. मुलगे गेले तेव्हा दारातून "सगळे ठीक आहेत" एवढंच ऐकू आलं. मुली आत गेल्या तेव्हा कळलं की एका घरात आठव्या महिन्याची सून आहे आणि तिला अनोळखी पुरुषांनी उचललेलं चालणार नाही. म्हणून त्या घरासमोर दोन शेजारणींची नावं लिहिली. वरच्या शाळेत बायकांसाठी वेगळी खोली आणि संडास आहे का, हेही त्याच फेरीत पाहिलं. नसेल तर बायका येतच नाहीत, मग भिंत कितीही पक्की असो.

राहिला निरोप. 2021 ला वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. मशिदीचा भोंगा कामाचा आहे, पण त्याची बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर तळमजल्यावर असले तर सगळ्यात आधी तेच बुडतात. ते माडीवर हलवा. मंदिराच्या घंटेचा आणि आपल्या भोंग्याचा एकच संकेत ठरवला, कारण गल्ली दोघांची आहे. गेज वाचायला दोन माणसं, दर तासाला, आकडा आणि वेळ वहीत.

यादी मात्र दर मे महिन्यात पुन्हा करावी लागते. त्या सुनेचं बाळ आता चालतंय, आणि डायलिसिसवाले काका मुलाकडे मुंब्र्याला गेलेत.