घरमालकांना लिहायचं एक पत्र: डिशवॉशर आणि चिमणी



भाड्याच्या घरात डिशवॉशर आणि चिमणी बसवायची ठरली की बहुतेक जण घरमालकांना फोन करतात. ‘‘काका, दोन वस्तू बसवतोय, चालेल ना?’’ तिकडून ‘‘हो हो, बसवा’’ येतं. घर सोडताना अनामत रकमेतून भिंतीच्या भोकाचे पैसे कापले जातात, तेव्हा त्या ‘हो हो’चा अर्थ दोघांच्या लेखी निराळा होता हे कळतं. म्हणून आज पत्राबद्दल बोलू. त्यात काय लिहायचं, आणि लिहिण्याआधी घरात काय पाहून ठेवायचं.

या दोन वस्तू एकाच दुकानात मिळतात, एकाच ओट्याजवळ बसतात, पण घरमालकांकडे त्यांचं मागणं अगदी वेगळं असतं. चिमणीला वीज फारच थोडी लागते. तिची मोटर साधारण दीडशे ते अडीचशे वॉटची, म्हणजे दोन-तीन पंख्यांइतकी. साधा सहा अँपिअरचा पॉइंट पुरतो. तिला हवं असतं भिंतीत सहा इंची भोक. डिशवॉशरला भिंतीत काहीच नको असतं, पण तो पाणी तापवतो, त्यामुळे गिझरइतकी वीज ओढतो. लोकांचा समज नेमका उलटा असतो. चिमणीसाठी ‘हेवी वायरिंग’ मागतात आणि डिशवॉशर एक्स्टेन्शन बोर्डावर लावून मोकळे होतात. पत्रात या दोन मागण्या वेगळ्या परिच्छेदांत मांडाव्यात, म्हणजे एकीला ‘हो’ आणि दुसरीला ‘थांबा’ म्हणायची सोय घरमालकांना राहते.

नमुन्यादाखल एक घर धरू. पुण्यात कोथरूडला 1995 च्या आसपासची इमारत, पहिल्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. राहणारे नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, घरमालक नाशिकला. करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा.

कराराचा हा प्रकार इथे महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या 16 व्या कलमात म्हटलंय, की भाडेकरूनं मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर मालकाला घर परत मागता येतं. गंमत अशी, की त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कायमचं बांधकाम न मानण्याच्या कामांची यादी आहे. लाकडी पार्टिशन, उभ्याचा ओटा, एसी आणि चक्क धुराची चिमणी, अर्थात जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन. हे वाचून कुणी खूश झालं असेल तर जरा थांबा. हा आधार कायद्यानं ज्याला भाडेकरू म्हटलंय त्याला. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याचा हक्क करारात लिहिलाय तेवढाच, आणि ‘लेखी परवानगीशिवाय फेरबदल करणार नाही’ हे कलम त्या करारात बहुधा असतंच. तेव्हा कायद्याचा दाखला पत्रात घालू नये. उपयोग नाही, आणि समोरच्याचा सूर मात्र बिघडतो.

आता विजेचा हिशेब. डिशवॉशरच्या दाराच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वॉट लिहिलेले असतात. आपल्याकडे मिळणारी यंत्रं बहुतेक दोन हजारांच्या आसपास. वॉटना 230 नं भागलं की अँपिअर मिळतात. दोन हजार भागिले 230, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या जवळपास.

या घरात मुख्य एमसीबी 32 अँपिअरचा आहे. सकाळची धांदल धरा. गिझर दोन हजार वॉट, मायक्रोवेव्ह बाराशे, मिक्सर साडेसातशे, फ्रिज दोनशे, दिवे-पंखे तीनशे. बेरीज 4,450. त्यात डिशवॉशर घातला की 6,450, म्हणजे 28 अँपिअर. बसतं. त्याच वेळी कुणी हजार वॉटची इस्त्री लावली तर साडेबत्तीसच्या घरात. आणि 32 चा एमसीबी 33 ला लगेच पडत नाही, तो बराच वेळ सोसत राहतो. तोवर तापत असते ती वायर.

पण खरी अडचण मुख्य एमसीबीची नाही, ती स्वयंपाकघरात आहे. या घरात तिथे एकच पॉवर पॉइंटची लाइन आहे, अडीच स्क्वेअरची. तिच्यावर फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आधीच आहेत, मिक्सरही तिथेच. डिशवॉशर तिलाच जोडला तर सगळं मिळून 4,150 वॉट, म्हणजे 18 अँपिअर, तेही 16 अँपिअरच्या लाइनवर. असं झालेलं ओळखायला यंत्र लागत नाही. अर्ध्या तासानं प्लग हाताला गरम लागतो, पिनेच्या भोवतीचं प्लास्टिक पिवळट पडतं, मिक्सर सुरू केला की दिवा मंद होतो. मासळीसारखा वास आला तर स्विच बंद करून वायरमनला बोलवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

यावर उपाय म्हणजे मुख्य बोर्डापासून डिशवॉशरसाठी स्वतंत्र लाइन. तांब्याची अडीच स्क्वेअरची वायर चालू शकते, पण अंतर लांब असलं की वायरमन चारचीच सांगतात, आणि ते बरोबर आहे. भिंत फोडायची नसेल तर पीव्हीसीच्या केसिंग पट्टीतून नेता येते. तिला स्वतःचा 16 अँपिअरचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. पत्र्याचं यंत्र, आत पाणी, पाण्यात हीटर. गळती झाली तर वीज अंगाला लागण्याआधी तोडतो तो आरसीसीबी.

आणि अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणून अर्थिंग आहे असं समजू नये. सॉकेट उघडलं की कधी कधी हिरवी वायर मागे दुमडून ठेवलेली सापडते, कुठेच न जोडलेली. वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावतो. तो भरपूर पेटला तर ठीक. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर डिशवॉशरचं बोलणं तिथेच थांबवायचं आणि आधी अर्थिंगचं काम काढायचं. तो खर्च मात्र मालकांचा, कारण तो घराचा दोष आहे.

एक गोष्ट फक्त मालकांच्याच हातात असते. वीजबिलावर ‘मंजूर भार’ किलोवॉटमध्ये छापलेला असतो. जुन्या मीटरवर तो फारच कमी दिसला तर वाढवायचा अर्ज मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच करावा लागतो. म्हणून बिलाची प्रत पत्राला जोडायची.

चिमणीचं भोक कुठे पाडायचं हे ठरवताना दोन पथ्यं. तुळई किंवा कॉलमला हात लावायचा नाही. खिडकीवरची पट्टी बहुधा काँक्रीटची असते, तिच्यात कोअर कटिंगचं यंत्र सळई कापून जातं. आणि पाइप इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये सोडायचा नाही. तिथे वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, आणि तुमच्या फोडणीचा धूर त्यांच्या टॉवेलांना लागतो. तक्रार सोसायटीकडे जाते, सोसायटी मालकांना पत्र धाडते. पाइप मोकळ्या बाजूलाच काढायचा, शक्य तितका आखूड आणि कमी वळणांचा, कारण दर वळणाला ओढ कमी होते. भिंतीला हात लावायचा नसेल तर खिडकीची एक काच काढून त्या जागी भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची शीट बसवता येते. काच जपून ठेवायची. भाड्याच्या घरात मला हीच वाट पसंत आहे.

आता पत्र. मी लिहिलं असतं ते असं.

‘‘श्री. काका यांस, स.न.वि.वि.

आपल्या कोथरूडच्या घरात दोन वस्तू बसवण्यासाठी आपली लेखी परवानगी हवी आहे. दोन्हींचा विचार आपण स्वतंत्रपणे करावा.

पहिली वस्तू डिशवॉशर, दोन हजार वॉटचा. भिंतीत बदल नाही. सिंकखालच्या नळाला जोडणी, सांडपाणी सिंकच्याच पाइपात. स्वयंपाकघरातल्या सध्याच्या लाइनला तो भार पेलणार नाही, असं वायरमनने पाहून सांगितलं. म्हणून मुख्य बोर्डापासून चार स्क्वेअरची स्वतंत्र लाइन केसिंग पट्टीतून घ्यावी, तिला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी लावावा, अशी विनंती आहे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेऊ. खर्च आम्ही करू. घर सोडताना यंत्र आम्ही नेऊ, वायरिंग आपल्या घरातच राहील. बिलावरचा मंजूर भार वाढवणं आवश्यक ठरलं तर अर्ज आपल्या सहीने करावा लागेल, त्याचं शुल्क आम्ही भरू. गिझर आणि डिशवॉशर एका वेळी लावणार नाही. पाणी गळून खालच्या घराचं नुकसान झाल्यास भरपाई आमच्याकडे.

दुसरी वस्तू चिमणी, दोनशे वॉटची. सध्याच्या पॉइंटवर चालेल. पाइप मागच्या अंगणाच्या बाजूच्या खिडकीतून काढू, एका काचेच्या जागी शीट बसवून. भिंतीला भोक नाही, फक्त चिमणी टांगण्यासाठी स्क्रू. जाताना काच पुन्हा बसवू, स्क्रूची भोकं बुजवून रंग देऊ. सोसायटीचं ना हरकत पत्र लागणार असेल तर कृपया कळवावं, अर्ज आम्ही तयार करून पाठवू.

अर्थिंगची तपासणी कामाआधी करून निकाल आपल्याला कळवतो. त्यात दोष निघाल्यास तो दुरुस्त करून घेण्याबद्दल आपण ठरवावं.

सोबत वीजबिलाची प्रत, वायरमनचं अंदाजपत्रक, दोन्ही यंत्रांच्या जोडणीची पानं आणि स्वयंपाकघराचे आजचे फोटो. काकूंना नमस्कार.’’

हे पत्र गेल्यावर मालकांचा पहिला प्रश्न बहुधा असा येतो: ‘‘दोन हजार वॉट म्हणजे बिल किती?’’ बिल तुम्हीच भरता, तरी विचारतात. उत्तर तयार ठेवा. हीटर सगळा वेळ चालत नाही, थोडा वेळ तापवून थांबतो, त्यामुळे एका धुण्याला साधारण एक युनिट पडतं. वॉट वायरीसाठी मोजायचे, युनिट बिलासाठी.

दुसरा प्रश्न असतो, ‘‘वायरिंग तुम्ही केलंत, मग भाडं वाढवायचं का?’’ हा थट्टेत येतो, पण त्याला हसून सोडू नका. तुमच्या खर्चानं घराला एक चांगली लाइन मिळतेय हे नम्रपणे सांगा, आणि करार पुढे वाढवताना तिची नोंद घाला. मालक म्हणाले की अर्धा खर्च मी देतो, तर रक्कम त्यांना भाड्यातून वळती करू द्या, पण ती मजकुरात यायला हवी.

उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ असं आलं तरी सही केलेली एक प्रत मागवून घ्या. त्यात काय बसवायचं, कुठे, आणि जाताना काय राहील, ही तीन वाक्यं असली तरी पुरे. काम झाल्यावर वायरमन निघण्याआधी त्याच्यासमोर आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबा. लाइन खटकन बंद झाली पाहिजे. झाली नाही तर त्याला जाऊ देऊ नका, आणि पैसेही देऊ नका.